खिडकीच्या कोपऱ्यावर तिरपी चीर: पुट्टी मारू की इंजिनियर बोलावू?

गिरणाकाठ
मंडळी, जळगावला आमचं तळमजला अधिक एक असं घर आहे, सहा-सात वर्षांपूर्वी बांधलेलं, कॉलम-बीमचं. प्लॉट आधी शेतजमीन होती, म्हणजे काळी माती. आता मे मध्ये लक्षात आलं की वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या बेडरूमच्या खिडकीला वरच्या दोन्ही कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघाल्यात, छताकडे जातात. खाली स्वयंपाकघराच्या खिडकीला पण एकाच कोपऱ्यातून आहे, ती जरा जाड वाटते. रंगारी म्हणतो पुट्टी मारतो, दिसणार पण नाही. शेजारचे काका म्हणतात घर बसायला लागलं, आता खर्चाला तयार राहा. दिवाळीनंतर घरात लग्न आहे म्हणून रंग तर द्यायचाच आहे. ही चीर नेमकी कोपऱ्यातूनच का निघते आणि घाबरायचं कधी ते कोणी नीट सांगेल का?

भर_उन्हात
भो, भुसावळला मे मध्ये माणसाला तडे जातात, भिंतीचं काय घेऊन बसलास

सुरेशमामा_ठेकेदार
घाबरू नका. गेली कित्येक वर्षं बांधकामं करतोय, ही चीर म्हणजे शंभर टक्के पाणी कमी मारल्याची. प्लास्टर केल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी पाहिजे, आपल्याकडच्या उन्हात तर गोणपाट ओले करून लटकवायला पाहिजेत. गवंडी दोन दिवस मारतो आणि दुसऱ्या साईटवर पळतो. मग प्लास्टर आकसतं आणि फाटतं. चिरेवर हातोडीने व्ही काढा, चांगला फिलर भरा, पुट्टी मारा, विषय संपला.

चोपडेकरीण
मन्हा घरले बी अशीच चीर शे. आमचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या भिंती, खिडकीवर सागाची फळी टाकलेली. त्या फळीच्या टोकाला दरवर्षी भेग पडते आणि सासूबाई दरवर्षी शेण-मातीने लिंपतात. मग आम्ही पण इंजिनियर बोलवायचा का?

भर_उन्हात
ताई तुमच्याकडे सासूबाईच स्ट्रक्चरल इंजिनियर आहेत, आणि ते पण फुकट

अश्विनी_धुळे
चोपडेकरीण ताई, तुमची केस वेगळी आहे. मातीची भिंत आणि लाकूड दोन्ही दमट-कोरडं झालं की हलतात, दरवर्षी लिंपणं हाच तिथला मेंटेनन्स. फळीचं टोक भिंतीत कुजलेलं किंवा वाळवी लागलेलं नाही ना एवढं बघा. टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, भसकन आत गेला तर मात्र फळी बदलावी लागेल.

आता मूळ प्रश्न. सुरेशमामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. प्लास्टर सुकताना आकसतं हे खरं, पण मग ते भिंतीच्या मध्यावर का नाही फाटत, कोपऱ्यातच का? शाम्पूच्या पुडीला बाजूला बारीक काप दिलेला असतो ना, तिथूनच ती फाटते, तसं आहे हे. अख्ख्या भिंतीत जो ताण असतो तो खिडकीच्या भोकाला वळसा घालून जातो आणि कोपऱ्याशी गोळा होतो. ताण कशाचा पण असू दे, प्लास्टर आकसल्याचा, उन्हाचा, नाहीतर खालची जमीन हलल्याचा, चीर तिथूनच सुरू होणार आणि साधारण पंचेचाळीस अंशात तिरपी जाणार. म्हणून "कोपऱ्यातून निघाली" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती किती खोल आहे आणि ती हलते का, एवढे दोनच प्रश्न आहेत.

आणि अजून एक गोष्ट कोपऱ्यात असते, लिंटेलचं टोक, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीचं. तिथे काँक्रीट संपतं आणि वीट सुरू होते. उन्हात काँक्रीट विटेच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. वर एकच प्लास्टर दोघांना झाकून बसलंय, त्याने करायचं काय? पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री निवते, रोज हे चालू.

गिरणाकाठ, तुम्ही तीन गोष्टी बघून सांगा. घराबाहेरून बरोबर त्याच जागी चीर दिसते का? एटीएम कार्ड चिरेत जातं का? (कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं.) आणि बोटाच्या पेराने आजूबाजूला ठोकल्यावर पोकळ वाजतं का?

नाशिकवाला_संदीप
आमच्या फ्लॅटमध्ये पण सेम, सगळ्या खिडक्यांना! बिल्डरने ते पांढरे हलके ब्लॉक वापरलेत. बिल्डर म्हणतो नॉर्मल आहे, सोसायटी म्हणते केस टाकू. वरती कुठेतरी भूकंपाचा पण झोन आहे म्हणे. काय करावं?

अश्विनी_धुळे
संदीप, ते ब्लॉक सुकताना विटेपेक्षा जास्त आकसतात, ओले असताना लावले की चिरा पक्क्या. सगळ्या खिडक्यांना सारख्या आणि बारीक असतील तर बहुतेक तेच. केस टाकायच्या आधी एका ठिकाणी प्लास्टर काढून बघा.

वास्तू_मित्र
पश्चिमेची खिडकी आणि दोन्ही कोपऱ्यांना चिरा, हा निव्वळ योगायोग नाही. घराची दिशा कळवा.

भर_उन्हात
दिशा म्हणजे सूर्य मावळतो ती. अश्विनीताईंनी पण तेच सांगितलं वर, फक्त दक्षिणा घेतली नाही 😄

गिरणाकाठ
ताई धन्यवाद. बघून आलो. वरच्या खिडकीला कार्ड अजिबात जात नाही, नखाला पण जेमतेम लागते. बाहेरून त्या जागी काहीच नाही, सज्जाच्या खाली एक आडवी बारीक रेघ आहे फक्त. ठोकल्यावर उजव्या कोपऱ्याला पोकळ वाजतं.

खालच्या स्वयंपाकघरात मात्र कार्ड चिरेच्या वरच्या टोकाला आत जातं, खिडकीच्या कोपऱ्याजवळ जात नाही. आणि बाहेरून पण त्याच जागी चीर आहे, ती सरळ नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी गेल्यासारखी. खिडकीचं झापड पण लागायला जरा जड जातं, पण ते मार्चपासून असेल, लक्ष नव्हतं दिलं.

सुरेशमामा_ठेकेदार
पायऱ्या-पायऱ्यांची म्हणजे विटेच्या सांध्यातून गेली. मग ही प्लास्टरची नाही, मान्य. लिंटेल तोकडं ठेवलं असणार. सेंटरिंगवाले प्लायवूड वाचवायला लिंटेल खिडकीच्या मापाचंच करतात, दोन्ही बाजूला भिंतीत सहा इंच बसलं पाहिजे ते दोन इंच बसतं. मी पैज लावतो.

अश्विनी_धुळे
मामा, शक्य आहे. पण मला शंका जमिनीची जास्त येतेय, कारण सांगते.

वर रुंद आणि खाली निमुळती अशी तिरपी चीर असेल तर बहुतेक वेळा घराचा त्या बाजूचा कोपरा खाली जायला बघतोय. उलट, खाली रुंद असेल तर मधला भाग बसतोय. आता काळी माती उन्हाळ्यात काय करते ते आपल्याला सांगायला नको, शेतात मे मध्ये भेगांत हात जातो. घराच्या मध्याखालची माती मात्र सावलीत असते, ती तेवढी सुकत नाही. कडेची सुकते आणि आकसते, म्हणून कडेची भिंत खाली झुकते. पाऊस पडला की कडेची माती पाणी पिऊन फुगते आणि भिंत परत वर येते. साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत ही हालचाल चालते, त्याच्या खाली ओल फारशी बदलत नाही.

तुमचे कॉलम खोल मुरुमावर असतील तर ते जागेवर राहतील. पण कॉलमच्या मधली भिंत प्लिंथ बीमवर उभी असते आणि ती बीम बरेचदा थेट काळ्या मातीवर ओतलेली असते, खाली ना पोकळी ना मुरुमाचा थर. मग माती बीमला खालून ढकलते किंवा सोडून देते आणि भिंत चिरते, कॉलमला काही होत नाही. म्हणून शेजारच्या काकांना सांगा, लगेच घर पडत नाही.

पडायची भीती कधी धरायची? कॉलमवर उभी चीर आणि तिच्यातून गंजाचे तांबूस डाग, किंवा बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे बीमवर तिरपी चीर, असं दिसलं तर रंगारी नको, ठेकेदार पण नको, सरळ स्ट्रक्चरल इंजिनियर. हे बघा आणि कळवा.

गिरणाकाठ
कॉलम-बीम सगळे बघितले, कुठेच काही नाही. खरं सांगतो, जीव भांड्यात पडला.

निवृत्त_ओव्हरसियर
अश्विनीने नीट सांगितले आहे. थोडी भर घालतो. भारतीय मानक ब्युरोची १९८४ ची एसपी २५ ही पुस्तिका याच विषयावर आहे, तिच्यात एक मिलिमीटरपेक्षा कमी ती बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वर ती रुंद चीर धरतात. पण आमच्या काळात आम्ही नुसत्या रुंदीवर विश्वास ठेवत नव्हतो. मेलेली तीन मिलिमीटरची चीर परवडली, जिवंत अर्ध्या मिलिमीटरची नाही. चिरेवर काचेची पट्टी दोन्हीकडे सिमेंटने चिकटवायची, काच तडकली की चीर चालू आहे.

अश्विनी_धुळे
काका, काचेबद्दल जरा वाद घालते. काच तडकली एवढंच कळतं, किती आणि कुठल्या बाजूला हललं ते कळत नाही. शिवाय आपल्या उन्हात कधी सिमेंटच सुटून येतं आणि काच शाबूत राहते, मग माणूस निर्धास्त होतो. त्यापेक्षा चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू ठोका आणि डोक्यांमधलं अंतर महिन्यातून एकदा व्हर्नियरने मोजा. आणि चिरेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, टोक पुढे सरकलं की लगेच दिसतं.

निवृत्त_ओव्हरसियर
व्हर्नियर प्रत्येकाच्या घरी नसतो. काच घरी असते. पण मुद्दा मान्य.

भर_उन्हात
सोनाराकडे असतो व्हर्नियर. जळगावात सोनार शोधायला गुगल लागत नाही

गिरणाकाठ
स्क्रू लावले. शेजारच्या पोराच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर आणला. ताईंनी संदीपला सांगितलं तसं रविवारी प्लास्टर पण काढलं, दोन्ही ठिकाणी वीतभर रुंद, कोपऱ्यापासून चिरेच्या बाजूने.

वर: विटा एकदम धड, सांधे पण धड. चीर फक्त प्लास्टरमध्ये होती. लिंटेल आणि विटेच्या सांध्यावर जाळी नाही, काहीच नाही.

खाली: चीर सांध्यांतून गेली आहे आणि एक वीट पण मधून फुटली आहे. आणि मामा, तुम्ही पैज जिंकलात. लिंटेल त्या बाजूला भिंतीत दोन-सव्वादोन इंचच बसलंय. दुसऱ्या बाजूला नीट सहा इंच आहे.

सुरेशमामा_ठेकेदार
😎 बोललो होतो ना. वडापाव पाठवा.

सावदेकर_केळी
मग आता हे जमिनीमुळे का लिंटेलमुळे? दोघे आपापल्या जागी बरोबर असं नका सांगू, माझ्या पण घरी अशीच एक आहे.

अश्विनी_धुळे
दोन्ही असू शकतं. ओळखायचं कसं ते सांगते. लिंटेलचं टोक तोकडं असल्याने चीर आली असेल तर सगळा भार दोन इंच विटेवर येतो, म्हणून लिंटेलच्या टोकाखालची वीट चिरडलेली दिसते, किंवा तिथून खाली उभी चीर जाते. आणि ती चीर ऋतूप्रमाणे मिटत नाही, एकदा उघडली की उघडी. जमिनीची असेल तर पाऊस चांगला लागला की मिटायला लागेल. गिरणाकाठ, टोकाखालची वीट कशी आहे? बाकी पोळ्यापर्यंत मोजत राहा आणि तोपर्यंत काही भरू नका. खालचं प्लास्टर काढलेलं तसंच राहू द्या, फार तर वरून पडदा लावा.

गिरणाकाठ
टोकाखालची वीट धड आहे. पडदा लावला, आई म्हणते स्वयंपाकघराचा तमाशा केला.

चोपडेकरीण
आईंना सांगा आमच्याकडे मातीची भिंत आहे, तिथे पडदा लावला की वाळवी येते, तुमचं बरं आहे 😂 पण मला एक कळलं नाही, स्वयंपाकघराचीच खिडकी का? बाकी तीन खिडक्या आहेत ना त्याच भिंतीला.

अश्विनी_धुळे
ताई, हा खरा प्रश्न विचारलात. गिरणाकाठ, त्या कोपऱ्याजवळ बाहेर काय आहे? मोरीचं पाणी, नळाची गळती, झाड?

गिरणाकाठ
मोरीचा पाईप त्याच कोपऱ्यातून बाहेर निघतो आणि पुढे उघड्या नालीत जातो. नालीला तडा आहे आणि तिथे कायम ओल असते, आई तिथेच तुळस आणि अळू लावते. दहा-बारा फुटांवर कडूलिंबाचं मोठं झाड आहे, ते आधीपासून शेताच्या बांधावर होतं.

निवृत्त_ओव्हरसियर
घ्या. एकीकडे सतत ओल, त्याच्याच शेजारी झाड मुळांनी पाणी ओढून माती सुकवतंय. भिंतीच्या एका टोकाखालची माती फुगलेली आणि दुसऱ्या टोकाखालची आकसलेली. अशा जमिनीत झाड घरापासून किमान त्याच्या उंचीएवढं लांब पाहिजे.

वास्तू_मित्र
तुळस हलवू नका.

अश्विनी_धुळे
तुळस राहू द्या, अळू हलवा. आणि कडूलिंब एकदम मुळासकट काढू नका हं! मोठं झाड तोडलं की त्याने सुकवलेली माती परत पाणी पिऊन फुगते, भिंत उलट्या दिशेने चिरते. फांद्या छाटत राहा.

सावदेकर_केळी
हे माहीत नव्हतं. मी गेल्या वर्षी अंगणातलं झाड काढलं आणि यंदा ओट्याला तडा गेला. वाटलं ओट्याचं काम कच्चं.

सुरेशमामा_ठेकेदार
ओट्याचं काम कच्चं पण असू शकतं, सगळं झाडावर ढकलू नका 😀

गिरणाकाठ
(पोळा झाला) अपडेट देतो. यंदा पाऊस बऱ्यापैकी झाला. स्क्रूमधलं अंतर जूनच्या सुरुवातीला ४२.६ होतं, जुलैअखेर ४२.१, आता ४१.९. कार्ड आता जात नाही, कागद जेमतेम जातो. झापड पण हलकं लागतं. पेन्सिलच्या रेघेच्या पुढे चीर गेली नाही. म्हणजे मिटतेय.

अश्विनी_धुळे
सात दशांश मिलिमीटर पावसात मिटली, म्हणजे जमीन हलते हे नक्की. लिंटेलचा हात त्यात किती, ते मला इथून सांगता येणार नाही. तोकडं टोक आहे तिथेच भिंत अशक्त होती म्हणून चीर तिथून निघाली असेल, एवढं म्हणता येईल.

सुरेशमामा_ठेकेदार
मी तरी म्हणतो लिंटेल आधी. टोकाखालची दोन वीट काढून काँक्रीटचा ठोकळा बसवा, दोन माणसांचं एक दिवसाचं काम आहे.

अश्विनी_धुळे
मामा, ते काम करताना लिंटेलला टेकू लावायला लागेल, आणि जळगावच्या कुठल्यातरी इंजिनियरने प्रत्यक्ष बघून हो म्हटलं तरच. फोटो बघून मी हो म्हणणार नाही.

वरच्या खिडकीचं आता करून टाका, त्यात काही थांबायचं नाही. पोकळ वाजतं तेवढं प्लास्टर पूर्ण काढा, लिंटेल-वीट सांध्यावर कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवा, सांध्याच्या दोन्ही बाजूला सहा-सहा इंच गेली पाहिजे. जाळी सैल राहिली तर काही उपयोग नाही, उलट प्लास्टर तिच्यावरून सुटतं. मग प्लास्टर आणि मामांनी सांगितलं तसं सात दिवस पाणी. तिथे मामा शंभर टक्के बरोबर.

खाली आधी नाली दुरुस्त करा, पाईप गळत नाही ना ते बघा, आणि त्या भिंतीच्या बाहेर तीन-चार फूट रुंद फरशी करा, उतार घरापासून बाहेर. म्हणजे भिंतीलगतची माती उन्हाळ्यात एवढी सुकणार नाही आणि पावसात एवढी पिणार नाही. चीर मात्र आता भरू नका, आता ती मिटलेली आहे. आता सिमेंटने भरली तर मे मध्ये परत उघडणार, शेजारून नवीन पडेल. पुढच्या मे मध्ये मोजा, हालचाल थांबली असेल तेव्हाच कायमचं काम करा.

गिरणाकाठ
पण लग्न डिसेंबरात आहे हो ताई. पाहुणे स्वयंपाकघरात उघड्या विटा बघणार का?

अश्विनी_धुळे
मग तिथे लवचिक ॲक्रिलिक सीलंट भरा, त्यावर हलकं प्लास्टर आणि रंग. मे मध्ये त्यावर बारीक रेघ दिसेल हे धरून चला. स्क्रू मात्र काढू नका, रंगाऱ्याला बजावून सांगा.

निवृत्त_ओव्हरसियर
रंगारी स्क्रू काढणारच. स्क्रूवर लाल नेलपॉलिश लावून ठेवा.

सावदेकर_केळी
मला एक विचारायचंय, फरशीचा उतार किती ठेवायचा? आमच्याकडे अंगणच घराकडे उतरतं.

निवृत्त_ओव्हरसियर
तीन फुटाला निदान एक इंच. पण अंगणच घराकडे येत असेल तर नुसती फरशी पुरणार नाही, मध्ये नाली काढावी लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे लग्नाचं चाललंय.